संगणकासमोर तासन्‌तास काम करणाऱ्यांचा चष्मा : फ्रेम, कोटिंग आणि ब्रँड कसे निवडावे?

भातकुलीत तहसील कार्यालय, बँक किंवा सेवा केंद्रात दिवसभर संगणकावर काम करणारे रुग्ण तपासणीला येतात, तेव्हा बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, "डॉक्टर, ब्लू कट घेऊ का?" हा प्रश्न खरे तर शेवटी यायला हवा. आधी पाहायचे ते हे, की चष्म्याचा नंबर तुमच्या स्क्रीनच्या अंतरासाठी काढला आहे का.

नंबर कोणत्या अंतराचा?

चाळिशीनंतर जवळचा नंबर साधारण ४० सेंटीमीटरवर, म्हणजे हातात पुस्तक धरतो त्या अंतरावर तपासतात. टेबलावरचा मॉनिटर मात्र ६० ते ७० सेंटीमीटरवर असतो. हा फरक दिसायला लहान आहे, पण मानदुखीचे मूळ अनेकदा त्यातच असते.

समजा, सेवा केंद्रात काम करणाऱ्या ५२ वर्षांच्या एक ताई आहेत. त्यांना लांबचा नंबर नाही, वाचायचा नंबर +२.०० आहे. या नंबरच्या काचेतून स्पष्ट दिसण्याची लांबची हद्द ५० सेंटीमीटर असते (१ मीटर भागिले २). स्क्रीन ७० सेंटीमीटरवर असेल तर अक्षरे धूसर दिसणार, आणि नकळत त्या पुढे वाकणार. संध्याकाळी मान आणि खांदे भरून येतात ते यामुळे. त्यांच्या स्क्रीनसाठी साधारण +१.०० ते +१.२५ नंबर लागतो. त्या काचेतून मॉनिटर स्पष्ट दिसतो आणि शेजारी थोडे लांब उभे ठेवलेले कागदही वाचता येतात.

प्रोग्रेसिव्ह काच घेतली तर वरच्या भागात लांबचा, खाली जवळचा आणि मधल्या अरुंद पट्ट्यात स्क्रीनचा नंबर असतो. त्या पट्ट्यातून पाहायला हनुवटी उचलावी लागते. दिवसाचे सहा-आठ तास स्क्रीनवरच जात असतील, तर कामासाठी वेगळा एकाच नंबरचा चष्मा किंवा ऑफिससाठी बनवलेली रुंद मधल्या भागाची काच अधिक सोयीची पडते. तो चष्मा घालून गाडी मात्र चालवू नका, कारण लांबचे धूसर दिसते.

म्हणून तपासणीला जाण्याआधी घरी किंवा कार्यालयात डोळ्यापासून स्क्रीनपर्यंतचे अंतर टेपने मोजा आणि तो आकडा डॉक्टरांना सांगा. मधुमेह असेल तर साखर नियंत्रणात असतानाच नंबर काढून घ्या. साखर वर-खाली होत असताना नंबरही बदलतो आणि नवा चष्मा महिन्याभरात चुकीचा वाटू लागतो.

फ्रेम : चेहऱ्याला साजेशी आणि बुबुळांना जुळणारी

फ्रेमच्या काडीच्या आतल्या बाजूला ५२□१८-१४० असे आकडे छापलेले असतात. ५२ मिलिमीटर ही काचेची रुंदी, १८ नाकावरच्या पुलाची आणि १४० काडीची लांबी. पहिल्या दोन आकड्यांची बेरीज ७० होते. तुमच्या दोन बाहुल्यांमधले अंतर ६२ असेल, तर प्रत्येक काचेचा मध्य ४ मिलिमीटर आत सरकवून बसवावा लागतो. फ्रेम जितकी मोठी तितके हे सरकवणे जास्त, आणि उणे नंबर मोठा असेल तर कानाकडची कड तितकी जाड. काचेचा मध्य चुकीच्या जागी बसला तर मोठ्या नंबरात डोके दुखते, ताण येतो. दुकानदाराने बाहुल्यांमधले अंतर मोजले नसेल, तर मोजायला सांगा. ऑनलाइन मागवतानाही हा आकडा लागतोच. साधा लहान नंबर ऑनलाइन घ्यायला हरकत नाही, पण प्रोग्रेसिव्ह काच मात्र चेहऱ्यावर फ्रेम लावून खूण केल्याशिवाय घेऊ नये.

उन्हाळ्यात घामाने चष्मा नाकावरून घसरतो आणि काचेचा मध्य खाली जातो. फिरवून बसवता येणारे सिलिकॉनचे नाकपॅड असलेली हलकी फ्रेम आपल्याकडच्या उन्हाळ्यात जास्त कामाची.

कोटिंग : कोणते खरे कामाचे?

साध्या प्लास्टिक काचेवर पडणाऱ्या प्रकाशापैकी साधारण ८ टक्के परत फिरतो. पातळ केलेल्या, जास्त इंडेक्सच्या काचेत हे प्रमाण आणखी वाढते. पाठीमागची खिडकी किंवा ट्यूबलाइट काचेत दिसते ती यामुळेच. अँटी-रिफ्लेक्शन कोटिंगने ही झळाळी पुष्कळ कमी होते, त्यामुळे स्क्रीनसाठी ते घ्यावेच. ओळखणे सोपे आहे. काच ट्यूबलाइटखाली धरा. पांढरे, स्वच्छ प्रतिबिंब दिसले तर कोटिंग नाही. मंद हिरवट किंवा जांभळट दिसले तर आहे.

ब्लू कटबद्दल स्पष्ट सांगतो. २०२३ मध्ये कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्यात १७ चाचण्या तपासल्या गेल्या. साध्या काचेच्या तुलनेत ब्लू फिल्टरने डोळ्यांचा ताण कमी होतो असे त्यात, निदान अल्प काळात तरी, दिसले नाही. दुकानात निळ्या लेझर पेनाने जो 'चमत्कार' दाखवतात तो फसवा आहे. त्या पेनाचा जांभळट प्रकाश साधारण ४०५ नॅनोमीटरचा असतो, तर स्क्रीनचा निळा मुख्यतः ४५० च्या आसपास. पेन अडले म्हणजे स्क्रीनचा निळा अडला असे होत नाही. ब्लू कट घेतल्याने नुकसान नाही, फक्त रंग किंचित पिवळट दिसतात आणि पैसे जातात.

डोळे कोरडे पडून चुरचुरतात त्याचे कारण वेगळे आहे. स्क्रीनकडे पाहताना पापण्या कमी मिटतात. त्यात कुलरचा वारा थेट तोंडावर असेल तर अश्रू झटपट सुकतात. तिथे कोणतेही कोटिंग कामाचे नाही. कुलरची दिशा बदला आणि मॉनिटर नजरेच्या थोडा खाली ठेवा.

आता आपल्या भागाची अडचण. भातकुली खारपाणपट्ट्यात येते. या पाण्याने चष्मा धुऊन तसाच सुकू दिला की क्षारांचे पांढरे डाग राहतात, आणि ते ओढणीने किंवा शर्टाच्या टोकाने घासले की कोटिंगवर ओरखडे पडतात. आरओचे किंवा फिल्टरचे पाणी, भांड्यांच्या लिक्विड साबणाचा एक थेंब आणि मऊ मायक्रोफायबर कापड पुरेसे आहे. कोरडी काच आधी पुसू नका. मे महिन्यात चष्मा दुचाकीच्या डिकीत किंवा गाडीच्या डॅशबोर्डवरही ठेवू नका. उष्णतेने प्लास्टिक कोटिंगपेक्षा जास्त फुगते, आणि कोटिंगला बारीक जाळीसारखे तडे जातात. ते दुरुस्त होत नाहीत, काच बदलावी लागते.

ब्रँडची तुलना कशी करावी?

फ्रेमचा ब्रँड आणि काचेचा ब्रँड वेगळा असतो, हे बिल करताना अनेकांच्या लक्षात येत नाही. रेबॅन, व्होग ही फ्रेमची नावे. एसिलोर, झाइस, होया ही काचेची. क्रिझाल हे एसिलोरचे कोटिंग. रेबॅन आणि एसिलोर आज एकाच एसिलोरलक्झोटिका कंपनीचे आहेत. टायटन आय प्लस आणि लेन्सकार्ट या दुकानांच्या साखळ्या आहेत, त्यांच्या स्वतःच्या नावाच्या फ्रेम व काचाही मिळतात. साध्या नंबरात या सगळ्यांच्या चांगल्या काचेत तुमच्या नजरेला जाणवेल असा फरक फार थोडा असतो. फरक जास्त पडतो तो प्रोग्रेसिव्ह काचेच्या डिझाइनमध्ये आणि कोटिंग किती दिवस टिकते यात.

म्हणून अमरावतीत दोन दुकानांत भाव विचारताना दोन्हीकडे हेच विचारा : काचेची कंपनी कोणती, इंडेक्स किती, कोटिंगचे नाव काय, कोटिंग निघाले तर किती महिन्यांत बदलून मिळेल, आणि प्रोग्रेसिव्ह जमली नाही तर काय. उत्तरे बिलावर लिहून घ्या. 'इम्पोर्टेड काच' एवढेच लिहिले असेल तर त्यावरून काहीच कळत नाही. चांगल्या प्रोग्रेसिव्ह काचेवर कंपनीची बारीक कोरलेली खूण असते, उजेडात तिरपी धरून दुकानदाराला ती दाखवायला सांगा. पैसे मोजके असतील तर फ्रेम स्वस्त घ्या आणि वाचलेले पैसे काचेला लावा.

नवा चष्मा लावून आठ-दहा दिवसांत डोकेदुखी गेली नाही, तर आधी दुकानात नंबर आणि काचेचा मध्य तपासून घ्या. पण एका डोळ्याने अचानक कमी दिसणे, एकाचे दोन दिसणे, डोळा लाल होऊन दुखणे किंवा दिव्याभोवती रंगीत वलये दिसणे यांपैकी काही असेल, तर दुकानात न जाता त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा.