पैज किती लावावी?

१९५६ साली अमेरिकेतील बेल टेलिफोन प्रयोगशाळेच्या नियतकालिकात जॉन केली या तरुण शास्त्रज्ञाचा एक निबंध प्रसिद्ध झाला. विषय होता तारेतून जाणाऱ्या माहितीच्या मोजमापाचा. दाखला मात्र जुगाऱ्याचा होता. खेळाचा निकाल या जुगाऱ्याला तारेने आधीच कळतो; परंतु तार सदोष असल्यामुळे बातमी कधीकधी खोटी निघते. अशा माणसाने प्रत्येक डावास आपल्या पैशाचा कितवा हिस्सा लावावा?

समजा, दहातील सहा बातम्या खऱ्या ठरतात आणि जिंकल्यास लावलेल्या रकमेइतकाच नफा मिळतो. सरासरीच्या हिशेबाने पाहिले, तर प्रत्येक वेळी सर्वस्व लावणे उत्तम. कारण शंभर रुपयांची सरासरी दहा डावांनंतर ६१९ रुपये होते. परंतु हे ६१९ येतात कोठून? दहाही डाव जिंकणारे हजारांत अवघे सहा, आणि त्यांच्यापैकी प्रत्येकाजवळ एक लाखाहून अधिक रुपये! उरलेल्या सर्वांच्या हाती शून्य. सरासरी मोठी दिसते, पण ती बहुतेकांच्या वाट्यास येत नाही.

याचे कारण असे की, प्रत्येक डाव मागील रकमेला गुणतो. तिच्यात नुसती भर घालीत नाही. गुणाकाराची बेरीज करणारे साधन म्हणजे लघुगणक. म्हणून केलीने संपत्तीची नव्हे, तर तिच्या लघुगणकाची सरासरी वाढविली. वरील खेळात उत्तर येते ते जिंकण्याच्या व हरण्याच्या संभवांतील फरकाइतके, म्हणजे एक-पंचमांश. सहा डाव जिंकून चार हरल्यास शंभराचे सुमारे १२२ होतात. दोन-पंचमांश लावणाऱ्याचे मात्र, त्याच सहा विजयांनंतर, ९८ सुद्धा राहत नाहीत.

लघुगणकाची कल्पना डॅनिएल बर्नुली याने १७३८ मध्येच मांडली होती. पण त्याने तिला श्रीमंताला रुपयाचे सुख कमी वाटते या मानवी स्वभावाचा आधार दिला. केलीला स्वभावाची गरज भासली नाही; पुष्कळ डावांनंतर बहुतकरून कोण पुढे राहील, एवढेच त्याने पाहिले. म्हणूनच पुढे पॉल सॅम्युएल्सन या अर्थशास्त्रज्ञाने हरकत घेतली की, हे धोरण प्रत्येकाच्या आवडीनिवडीचे प्रमाण ठरू शकत नाही. हरकत रास्त आहे.

व्यवहारातील धोका मात्र निराळाच. बातम्या खऱ्या ठरण्याचे प्रमाण शंभरात साठ समजून एक-पंचमांश लावला आणि प्रत्यक्षात ते पंचावन्नच निघाले, तर योग्य हिस्सा एक-दशांश होता. आपण दुप्पट लावल्यामुळे वाढ जवळजवळ शून्यावर येते. उलट, साठाचा अंदाज खरा असून अर्धाच हिस्सा लावला, तर दहा डावांत शंभराचे ११६ होतात, म्हणजे नफ्याचा जवळजवळ तीन-चतुर्थांश भाग हाती राहतो. अंदाजाविषयी शंका असेल, तेथे हात आखडता घेणे हेच या गणिताचे सांगणे आहे.