पिपेटचे अंशशोधन (भारमापन पद्धत)

एकाच खुणेच्या पिपेटमधून प्रत्यक्षात किती आकारमानाचा द्रव बाहेर पडतो, हे त्यातून सोडलेले पाणी तोलून ठरविण्याच्या रीतीस पिपेटचे भारमापन पद्धतीने अंशशोधन असे म्हणतात. पाण्याच्या वस्तुमानावरून आकारमान काढताना त्या तापमानाची पाण्याची घनता विचारात घ्यावी लागते. तसेच हवेच्या प्लावक बलासाठी आणि काचेच्या प्रसरणासाठीही दुरुस्ती करावी लागते. या दुरुस्त्या वगळल्यास निर्दोष पिपेटही सदोष ठरण्याचा संभव असतो.

पार्श्वभूमी

मध्यभागी फुगीर असलेल्या पिपेटच्या वरच्या नळीवर एकच वर्तुळाकार खूण असते. खुणेपर्यंत भरून मोकळा सोडलेला द्रव ठरावीक आकारमानाचा असावा, अशी तिची रचना असते. आयएसओ ६४८ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार २५ मिलिलीटरच्या ‘अ’ वर्गाच्या पिपेटला ±०.०३ मिलिलीटर, तर ‘ब’ वर्गाच्या पिपेटला ±०.०६ मिलिलीटर एवढी त्रुटी अनुज्ञेय आहे. हे आकारमान ज्या तापमानाला धरावयाचे, ते पिपेटवर छापलेले असते. सामान्यतः ते २० °से. असते; उष्ण प्रदेशांतील देशांसाठी २७ °से. हा पर्यायही मान्य असून भारतीय मानकांत तो स्वीकारलेला आहे.

इतके लहान फरक डोळ्यांनी मोजता येत नाहीत. उलट, २५ ग्रॅम पाण्यातील एका मिलिग्रॅमचा फरक चांगला तराजू सहज दाखवितो. म्हणून आकारमानाची परीक्षा वस्तुमानाच्या मार्गाने केली जाते.

कृती

ऊर्ध्वपातित पाणी, पिपेट आणि घट्ट बुचाची काचेची लहान बाटली ही तराजूच्या खोलीत दोन-तीन तास ठेवतात, म्हणजे तिन्ही वस्तू खोलीच्या तापमानाला येतात. प्रथम रिकामी बाटली बुचासह तोलतात. पाण्याचे तापमान ०.१ अंशापर्यंत वाचता येणाऱ्या तापमापकाने नोंदवितात.

रबरी फुग्याने पाणी खुणेच्या थोडे वर ओढून पिपेटची बाहेरची बाजू पुसून घेतात. नंतर पिपेट उभी धरून, डोळे खुणेच्या पातळीत ठेवून, पाण्याच्या अंतर्वक्र पृष्ठाचा सर्वांत खालचा बिंदू खुणेला टेकेपर्यंत जादा पाणी सोडतात. टोकाला लोंबणारा थेंब दुसऱ्या भांड्याच्या कडेला लावून काढून टाकतात. यानंतर बाटली किंचित तिरपी धरून, पिपेटचे टोक तिच्या आतल्या कडेला टेकवून पाणी आपोआप वाहू देतात. प्रवाह थांबल्यावर काही सेकंद थांबून टोक दूर करतात. टोकात उरलेले पाणी फुंकून काढावयाचे नसते, कारण खूण कोरताना ते बाहेर न पडणारे म्हणूनच धरलेले असते. बाटलीला लगेच बूच लावून ती तोलतात. ही कृती किमान पाच वेळा करतात.

वस्तुमानावरून आकारमान

पाण्याची घनता २० °से.ला ०.९९८२, २५ °से.ला ०.९९७० आणि ३० °से.ला ०.९९५६ ग्रॅम प्रति मिलिलीटर असते. एक ग्रॅम म्हणजे एक मिलिलीटर हे समीकरण त्यामुळे या कामी चालत नाही.

दुसरी बाब हवेची. तराजूवरील पाणी स्वतःच्या आकारमानाएवढी हवा बाजूला सारते आणि हवा त्याला तितकेच वर उचलून धरते. २५ मिलिलीटर पाण्याच्या बाबतीत हा परिणाम सुमारे ३० मिलिग्रॅम असतो. ज्या पोलादी वजनांनी तराजू जुळविलेला असतो, त्यांपैकी २५ ग्रॅमच्या वजनाचे आकारमान मात्र केवळ ३ मिलिलीटरच्या आसपास असते; त्यांच्यावरील परिणाम ४ मिलिग्रॅमहून कमी भरतो. म्हणून पाणी सुमारे २६ मिलिग्रॅमने हलके दिसते. विजेवर चालणाऱ्या तराजूलाही हे लागू पडते, कारण तोही अशाच वजनांनी जुळविलेला असतो.

हवेची घनता ०.००१२ आणि वजनांची ८.० ग्रॅम प्रति मिलिलीटर धरून या दोन्ही दुरुस्त्या एकाच गुणकात सामावता येतात:

आकारमान = तोललेले वजन × गुणक

गुणक = (१ − ०.००१२ ÷ ८.०) ÷ (पाण्याची घनता − ०.००१२)

तिसरी दुरुस्ती काचेची. बोरोसिलिकेट काचेचे आकारमान दर अंशाला दहा लाखांत सुमारे दहा भाग वाढते. छापील तापमानापेक्षा खोली उष्ण असेल, तर मिळालेले आकारमान त्या प्रमाणात कमी करावे लागते.

उदाहरण

‘अ’ वर्गाच्या, २० °से. छापलेल्या २५ मिलिलीटर पिपेटमधील पाणी २८.० °से.ला पाच वेळा तोलले असता २४.८६७, २४.८७१, २४.८६४, २४.८७३ आणि २४.८७० ग्रॅम भरले, असे समजू. सरासरी २४.८६९ ग्रॅम येते.

कोणतीही दुरुस्ती न केल्यास आकारमान २४.८६९ मिलिलीटर धरले जाईल. त्रुटी −०.१३१ मिलिलीटर, म्हणजे मर्यादेच्या चौपटीहून अधिक दिसेल. या तापमानाच्या घनतेने, म्हणजे ०.९९६२३ ने भागल्यास २४.९६३ मिलिलीटर मिळतात. त्रुटी −०.०३७ असल्याने पिपेट अजूनही अपात्र ठरते. प्लावक बलासह काढलेला गुणक १.००४८४ असून त्याने गुणल्यास आकारमान २४.९८९ मिलिलीटर येते. काचेसाठी ०.००२ मिलिलीटर वजा केल्यावर २० °से.चे आकारमान २४.९८७ मिलिलीटर ठरते. खरी त्रुटी −०.०१३ मिलिलीटर असून पिपेट आपल्या वर्गात बसते.

त्रुटींची कारणे आणि ओळख

पाचही वजने परस्परांच्या जवळ आहेत की नाही, हे प्रथम पाहतात. वरील उदाहरणात सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान वजनांत ९ मिलिग्रॅमचेच अंतर आहे. अंतर ३० मिलिग्रॅमच्या घरात गेले, तर दोष बहुधा हाताळणीत असतो: खूण वाचण्यात, टोक टेकविण्यात किंवा थांबण्याच्या वेळेत सारखेपणा राहिलेला नसतो. काचेला स्निग्ध अंश चिकटल्यास आत थेंब रेंगाळतात आणि वजने विखुरलेली व कमी येतात. स्वच्छ काचेवर पाण्याचा अखंड पातळ थर दिसतो.

वजने जवळजवळ असून सरासरीच दूर असेल, तर कारण दर वेळी सारखेच घडणारे असते. टोक तुटले असल्यास पाणी नेहमीपेक्षा लवकर वाहून जाते व भिंतीवर अधिक पाणी राहते. प्रत्येक वेळी फुंकर मारल्यास वजन जास्त भरते. तापमान दोन अंशांनी चुकल्यास २८ °से.च्या आसपास २५ मिलिलीटरमागे सुमारे ०.०१४ मिलिलीटरचा फरक पडतो. बाटली उघडी राहिल्यास बाष्पीभवन होते. तराजूवरील आकडा सतत घसरत असल्यास ते लक्षात येते.

उपयोग आणि मर्यादा

मिळालेले आकारमान पिपेटच्या क्रमांकासह नोंदवून अनुमापनाच्या गणितात २५ ऐवजी वापरता येते. मात्र ते पाणी आणि विरल जलीय द्रावणे यांनाच लागू असते. ग्लिसरीनसारखा दाट द्रव भिंतीवर अधिक प्रमाणात चिकटून राहतो, आणि अल्कोहोलचे पृष्ठताण व वाहण्याची रीत वेगळी असते. अशा द्रवांसाठी पिपेटमधून सोडलेला द्रवच तोलून त्याच्या स्वतःच्या घनतेने आकारमान काढावे लागते.