भाड्याचा फ्लॅट: मालकाला पहिल्या मेसेजमध्ये काय विचारायचं?

मोबाइलवर फ्लॅटची जाहिरात दिसते. फोटो छान असतात, भाडं बजेटमध्ये असतं. लगेच मेसेज जातो, ‘फ्लॅट अव्हेलेबल आहे का?’ उत्तर येतं, ‘हो.’ एवढ्यावर भाडेकरूला काहीच कळलेलं नसतं. पुढे दहा-बारा मेसेजनंतर समजतं, की फ्लॅट दोन महिन्यांनी रिकामा होणार आहे किंवा मेंटेनन्स वेगळा आहे. पहिल्याच मेसेजमध्ये चार गोष्टी नीट विचारल्या तर ही फेरी वाचते.

समजा, नाशिकची एक तरुणी नोकरीसाठी पुण्यात आली आहे. कोथरूडमधल्या वन बीएचकेची जाहिरात तिला दिसली: भाडं २०,००० रुपये, ‘थेट मालकाकडून’. ती असा मेसेज करते:

‘नमस्कार सर, कोथरूडच्या वन बीएचकेची जाहिरात पाहिली. मी आणि माझी मैत्रीण, दोघीही नोकरी करतो. १ तारखेपासून किमान ११ महिन्यांसाठी फ्लॅट हवा आहे. १) फ्लॅट कोणत्या तारखेपासून मिळेल आणि सोसायटीत बॅचलर मुली चालतील का? २) डिपॉझिट किती आणि सोडताना त्यातून काय कापलं जातं? ३) मेंटेनन्स भाड्यात धरलाय की वेगळा? ४) शनिवारी सकाळी फ्लॅट पाहायला आलं तर चालेल का? आपण स्वतः मालक आहात ना? धन्यवाद.’

उपलब्धता म्हणजे तारीख आणि माणसं

‘आहे का’ यापेक्षा ‘कधीपासून आणि कोणासाठी’ हा प्रश्न कामाचा. अनेक फ्लॅटमध्ये आधीचा भाडेकरू राहत असतानाच जाहिरात टाकली जाते. काही मालकांना फक्त फॅमिली हवी असते. कोण राहणार हे आधीच सांगितलं तर नकार मेसेजवरच मिळतो, रिक्षाचं भाडं खर्च करून नव्हे. मालकालाही समोरची व्यक्ती खरंच शोधात आहे हे कळतं आणि तो उत्तर देण्याची शक्यता वाढते.

डिपॉझिट: आकड्याइतकीच परतीची अट महत्त्वाची

महाराष्ट्रात भाड्याच्या डिपॉझिटसाठी सगळीकडे लागू होणारी एकच ठरलेली मर्यादा नाही. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात घरासाठी जास्तीत जास्त दोन महिन्यांच्या भाड्याइतकं डिपॉझिट सुचवलं आहे, पण राज्याने स्वीकारल्याशिवाय तो लागू होत नाही. त्यामुळे ‘कायद्याने दोनच महिने’ असं मालकाला सांगून उपयोग नाही. इथे रक्कम बोलून ठरते.

वाद बहुतेक वेळा परतीच्या वेळी होतो. फ्लॅट सोडताना रंगकामाचे पैसे कापणं अनेक ठिकाणी गृहीत धरलं जातं. म्हणून ‘रंगकामाचे किती कापता आणि उरलेले पैसे चावी देताना मिळतात की नंतर?’ हे आधीच विचारावं. मिळालेलं उत्तर पुढे करारात आलं आहे का, हे सही करण्याआधी तपासावं.

मेंटेनन्स: स्वस्त दिसणारं भाडं इथे बदलतं

त्या तरुणीला उत्तर आलं: डिपॉझिट ६०,०००, मेंटेनन्स वेगळा, दरमहा २,५००. शेजारच्या गल्लीतल्या दुसऱ्या फ्लॅटचं भाडं २२,००० आहे, पण मेंटेनन्स त्यातच आहे आणि डिपॉझिट १ लाख आहे.

जाहिरातीत पहिला फ्लॅट २,००० रुपयांनी स्वस्त दिसतो. प्रत्यक्षात त्याचा महिन्याचा खर्च २२,५०० होतो, म्हणजे दुसऱ्यापेक्षा ५०० रुपये जास्त. ११ महिन्यांत हा फरक ५,५०० रुपयांचा. मात्र राहायला जाताना पहिल्या फ्लॅटसाठी ८२,५०० रुपये हातात लागतात, तर दुसऱ्यासाठी १,२२,०००. खात्यात ९०,००० असतील तर थोडा महाग असूनही पहिलाच परवडतो. चारही आकडे मिळाल्याशिवाय ही तुलना करता येत नाही.

सहकारी सोसायटीत आणखी एक शब्द कानावर येतो, ‘नॉन-ऑक्युपन्सी चार्ज’. मालक स्वतः राहत नसेल तर सोसायटी त्याच्याकडून हे शुल्क घेते. राज्य सरकारच्या २००१ च्या आदेशानुसार ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाही. ही आकारणी सोसायटी मालकावर करते. ‘फ्लॅट भाड्याने आहे म्हणून मेंटेनन्स दुप्पट’ असं कोणी सांगितलं, तर सोसायटीचं मेंटेनन्स बिल दाखवायला सांगावं.

भेटीची वेळ: इथेच खरं-खोटं कळतं

भेट दिवसा ठरवावी, जमल्यास सकाळी. प्रकाश, पाण्याची वेळ आणि गाड्यांचा आवाज रात्री कळत नाही. चावी कोणाकडे आहे आणि भेटायला कोण येणार, हेही विचारावं.

फसवणूक करणारा माणूस बहुतेकदा याच प्रश्नावर अडखळतो. त्याची गोष्ट साधारण एकसारखी असते. आपली बदली दुसऱ्या शहरात झाली आहे, अनेकदा आपण लष्करात आहोत, असं तो सांगतो. मग फ्लॅट पाहण्यासाठी ‘गेट पास’ काढावा लागेल, त्याचे पैसे आधी भरा, भेटीनंतर परत मिळतील, असं म्हणतो. किंवा ‘खूप लोक रांगेत आहेत, टोकन पाठवा’ अशी घाई करतो. पैसे परत देतो म्हणून क्यूआर कोड पाठवून तो स्कॅन करायला लावणं हा त्याचाच पुढचा भाग. यूपीआयवर पैसे घेण्यासाठी पिन टाकावा लागत नाही. पिन मागितला, याचा अर्थ आपल्या खात्यातून पैसे जाणार आहेत.

बाहेरगावी राहणारा प्रत्येक मालक खोटा नसतो. खरा मालक नातेवाइकाकडे किंवा शेजाऱ्याकडे चावी ठेवतो आणि फ्लॅट दाखवायचे पैसे मागत नाही. म्हणून अट एकच ठेवावी: फ्लॅट आतून पाहिल्याशिवाय आणि मालकीचा कागद बघितल्याशिवाय एक रुपयाही द्यायचा नाही. मालकीसाठी इंडेक्स-२ मागावा. वीजबिलावर कधीकधी बिल्डरचं किंवा आधीच्या मालकाचं नाव असतं, त्यामुळे फक्त त्यावर विसंबू नये. पैसे गेलेच, तर लगेच १९३० या क्रमांकावर फोन करावा किंवा cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवावी.

‘करार नोंदवणार ना?’

भेटीत व्यवहार जुळत आला की हा प्रश्न विचारावा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. करार ११ महिन्यांचा असला तरी हे लागू होतं. ‘नोटरी केलं की झालं’ असं उत्तर आलं तर टोकन देण्याआधी थांबावं.

कोथरूडच्या मालकाने तरुणीला उत्तर दिलं, ‘शनिवारी ११ वाजता या, मी स्वतः असेन. बिल आणि इंडेक्स-२ दाखवतो.’ टोकनचा विषय त्याने काढलाच नाही.