शीर्षकातले प्रश्नचिन्ह

१८९५ साली डान्झिगमध्ये, म्हणजे आजच्या पोलंडमधील ग्दान्स्क शहरात, आडोल्फ वालेनबर्ग या डॉक्टरांनी ३८ वर्षांच्या एका रुग्णाची हकिकत छापली. मेंदूची डावी, मागची-खालची धमनी बंद पडली असावी, हे त्यांनी शीर्षकातच लिहिले आणि पुढे प्रश्नचिन्ह टाकले. मला या इतिहासात सर्वांत आवडते ते हे प्रश्नचिन्ह. रुग्ण जिवंत होता आणि कवटीच्या आत पाहण्याचे कोणतेही साधन नव्हते.

रुग्णाला एकाएकी भोवळ आली. शुद्ध मात्र गेली नाही. आवाज बसला, घास गिळता येईना, चालताना तोल डावीकडे जाई. चेहऱ्याच्या डाव्या बाजूची संवेदना मंदावली होती, पण धडाला आणि हातापायांना वेदना व ऊन-गार कळेनासे झाले होते ते उजवीकडे. चेहरा एका बाजूचा आणि अंग दुसऱ्या बाजूचे, हे कसे?

उत्तर मज्जातंतूंच्या वाटांत आहे. अंगाकडून वेदना आणि तापमान नेणारे तंतू मज्जारज्जूत शिरल्यावर लगेच बाजू बदलतात, आणि मग वर चढतात. चेहऱ्याचे तंतू मात्र मस्तिष्कस्तंभात शिरून आपल्याच बाजूने खाली उतरतात आणि नंतर पलीकडे जातात. लंबमज्जेच्या डाव्या कडेला डाव्या चेहऱ्याचे आणि उजव्या अंगाचे तंतू असे शेजारी येतात. तिथला छोटासा भाग मेला की दोन्ही एकदम तुटतात. गिळण्याचे आणि स्वराचे केंद्रही तिथेच असल्याने इजेची पातळी कळते. हाच आडवा-तिडवा प्रकार चेहऱ्याच्या लुळेपणासह आढळला, तर इजा थोडी वर, सेतूत असते; ते पॅरिसच्या ग्यूब्लर यांनी १८५६ सालीच दाखवले होते.

१८९९ मध्ये रुग्ण वारला. शवविच्छेदनात इजा नेमकी त्याच जागी निघाली आणि १९०१ साली वालेनबर्ग यांनी ती प्रसिद्ध केली. जागा अचूक होती. धमनीबाबतचा सावधपणाही योग्यच होता. १९६१ मध्ये फिशर आणि सहकाऱ्यांनी अशा रुग्णांच्या धमन्या तपासल्या, तेव्हा बहुतेकांत तिच्या मुळाशी असलेली मानेतून येणारी कशेरुक धमनीच बंद आढळली. लक्षणे जागा सांगतात, नळी नव्हे.

हा झटका आजही निसटतो. हालचालीचे तंतू लंबमज्जेच्या पुढच्या, मधल्या भागातून जातात, म्हणून हातापायांत जोर राहतो. स्पर्शाचे तंतूही मधोमध असल्याने कापसाने तपासले तर सारे ठीक वाटते. सीटी स्कॅन अनेकदा स्वच्छ येतो, आणि भोवळ कानावर किंवा पित्तावर ढकलली जाते. गार धातू चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंना, मग दोन्ही हातांना लावून पाहिला तर फरक कळतो. तोवर अशा रुग्णाच्या तोंडात पाणीसुद्धा घालू नये, कारण ते श्वासनळीत जाऊ शकते.