गृहकर्जाचा दाखला आणि पासबुक जुळवाल कसे?

वलगाव : अमरावतीला नोकरीसाठी रोज ये-जा करणाऱ्या वलगावातील अनेकांनी घरासाठी कर्ज घेतले आहे. आयकर विवरणपत्र भरताना बँकेचा व्याज-मुद्दल दाखला लागतो. त्यातले आकडे तसेच उतरवले, तर कधी कधी चूक होते.

आधी दाखल्याचे शीर्षक पाहावे. नोकरदारांना जानेवारीच्या सुमारास मिळतो तो बहुतेक वेळा ‘प्रोव्हिजनल’, म्हणजे अंदाजी दाखला. मार्चपर्यंतचे सगळे हप्ते वेळेवर जातील असे धरून तो काढलेला असतो. विवरणपत्रासाठी 31 मार्चनंतरचा अंतिम दाखला घ्यावा.

एक उदाहरण पाहू. एका शिक्षकाने 20 लाखांचे कर्ज साडेआठ टक्क्यांनी 20 वर्षांसाठी घेतले. हप्ता 17,356 रुपये. पहिल्या वर्षाच्या अंदाजी दाखल्यात व्याज 1,68,473 आणि मुद्दल 39,799 दाखवले होते. दोन्हींची बेरीज 2,08,272, म्हणजे बरोबर 12 हप्ते.

पासबुकात मात्र 11 हप्त्यांचेच 1,90,916 रुपये गेलेले दिसले. फरक नेमका एका हप्त्याचा! नोंदी तपासल्यावर कळले, की 5 मार्चचा हप्ता खात्यात शिल्लक नसल्याने परत गेला आणि 2 एप्रिलला भरला गेला. हप्ता परत गेला की पासबुकात रक्कम आधी वजा आणि लगेच जमा अशा दोन नोंदी दिसू शकतात. वजा नोंद तेवढी मोजली, तर 12 हप्ते भरल्यासारखे वाटते.

आता वजावट किती? इथे व्याज आणि मुद्दलाचा नियम वेगळा आहे. स्वतः राहत्या घराच्या कर्जाचे व्याज कलम 24 खाली देय झाले की धरता येते, ते प्रत्यक्ष भरलेलेच हवे असे नाही. त्यामुळे 1,68,473 रुपये कायम राहतात. मर्यादा साधारणपणे 2 लाखांची. मुद्दल मात्र कलम 80सी खाली त्या वर्षात प्रत्यक्ष भरलेलेच चालते. परत गेलेल्या हप्त्यात 3,447 रुपये मुद्दल होते. ते वजा जाता 36,352 उरतात. वगळलेले 3,447 रुपये पुढच्या वर्षाच्या मुद्दलात धरायचे.

हप्ता परत गेल्याचा दंड आणि त्यावरचा जीएसटी यापैकी कशातच धरू नये. वर्षात जादा रक्कम भरून कर्ज कमी केले असेल, तर ती मुद्दलात आली का हेही पाहावे. कर्ज दोघांच्या नावावर असल्यास प्रत्येकाने आपल्या वाट्यापुरतीच वजावट घ्यावी.

राहत्या घरासाठी या दोन्ही वजावटी फक्त जुन्या करप्रणालीत मिळतात. आर्थिक वर्ष 2023-24 पासून नवी प्रणाली आपोआप लागू होते, त्यामुळे जुनी हवी असल्यास ती विवरणपत्र भरताना मुदतीत निवडावी लागते. दोन्हींचा कर काढून पाहावा आणि मगच पर्याय ठरवावा.

आकडे जुळत नसतील, तर बँकेकडून कर्ज खात्याचा 1 एप्रिल ते 31 मार्चचा उतारा घ्यावा. त्यात प्रत्येक हप्त्यापुढे व्याज आणि मुद्दल वेगळे असते. दाखला चुकलेला निघाला, तर तो उतारा दाखवून बँकेकडून दुरुस्त करून घेता येतो.