शस्त्रक्रियापूर्व पोषण-शिफारसपत्र

कुपोषित रुग्णाच्या पोटावर मोठी शस्त्रक्रिया ठरली असता आहारतज्ज्ञाने सर्जनला लिहिलेले पत्र. शस्त्रक्रिया सहसा ७ ते १४ दिवस पुढे ढकलून तेवढ्या काळात रुग्णाचे पोषण सुधारावे, अशी शिफारस त्यात असते.

पूर्वपीठिका : अमेरिकेतील सर्जन हायरम स्टडली यांनी १९३६ साली पेप्टिक अल्सरच्या शस्त्रक्रियांची पाहणी प्रसिद्ध केली. आधीच २० टक्क्यांहून अधिक वजन घटलेल्या रुग्णांपैकी सुमारे ३३ टक्के दगावले होते. इतरांत हे प्रमाण ३.५ टक्के होते. कुपोषणात जखम भरायला वेळ लागतो, आतड्याचा जोड गळण्याचा धोका वाढतो आणि जंतुसंसर्ग बळावतो.

स्वरूप : समजा, जठराच्या कर्करोगाच्या रुग्णाचे वजन चार महिन्यांत ५८ वरून ४६ किलोवर आले. उंची १६५ सेंमी. घट सुमारे २१ टक्के, बीएमआय १६.९. जठराचे तोंड अरुंद झाल्याने घन अन्न उलटते, पातळ पेज तेवढी टिकते. पत्रात आधी ही स्थिती येते, मग मागणी : ‘शस्त्रक्रिया दोन आठवडे पुढे न्यावी. अडथळ्यापलीकडे लहान आतड्यात पोहोचणारी नाकातली नळी घालून द्यावी.’ उद्दिष्ट किलोमागे रोज ३० किलोकॅलरी आणि १.५ ग्रॅम प्रथिने, म्हणजे सुमारे १,३८० किलोकॅलरी व ६९ ग्रॅम प्रथिने. आतडे चालू असेल तर शिरेवाटे पोषण टाळतात.

मुख्य धोका : उपाशी शरीराला एकदम भरपूर अन्न मिळाले की इन्सुलिन वाढते आणि रक्तातील फॉस्फेट, पोटॅशियम व मॅग्नेशियम पेशींत ओढले जातात. यालाच रिफीडिंग सिंड्रोम म्हणतात. सूज, धाप, हृदयाचे अनियमित ठोके ही त्याची लक्षणे. फॉस्फेट बहुधा पहिल्या काही दिवसांतच घसरते, म्हणून तेव्हा रक्ततपासणी रोज करतात. अन्न सुरू करण्याआधी थायमिन देतात. वरील रुग्णाला पहिल्या दिवशी ४६० किलोकॅलरीच देऊन, तपासण्या पाहत काही दिवसांत उद्दिष्ट गाठतात.

मूल्यमापन आणि मर्यादा : अल्ब्युमिन ३० ग्रॅम प्रति लिटरच्या खाली असणे धोक्याचे असले, तरी ते दाहामुळेही उतरते आणि दोन आठवड्यांत फारसे चढत नाही. त्यामुळे ‘अल्ब्युमिन वाढेपर्यंत थांबा’ असे पत्रात लिहिणे चूक ठरते. एकाएकी वाढलेले वजन पुष्कळदा सुजेचे असते. प्रत्यक्ष पोटात गेलेले अन्न, हाताच्या पकडीची ताकद आणि स्थिरावलेले क्षार पाहून प्रगती ठरवतात. फेरतपासणीची तारीखही पत्रात असावी. ती नसेल तर मुदत लांबत जाते आणि कर्करोग वाढतो. आतडे फुटणे, न थांबणारा रक्तस्राव किंवा आतड्याला पीळ पडणे अशा तातडीच्या प्रसंगी ही शिफारस लागू नाही. तेव्हा शस्त्रक्रिया आधी करून पोषण नंतर सुरू करतात.