तक्रार समितीपुढे, चर्चा मात्र कँटीनमध्ये

कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ झाल्याची तक्रार एखादी महिला अंतर्गत समितीकडे करते. चौकशीसाठी कायद्याने नव्वद दिवसांची मुदत दिली आहे. प्रत्यक्षात आठवड्याभरातच तिच्याविषयीची कुजबुज सुरू झाल्याचे तिच्या ध्यानात येते. मूळ तक्रारीइतकाच हा त्रासही खरा असतो. साक्षीदार कचरतात आणि तक्रार मागे घेण्याचा दबाव न बोलता वाढतो.

यासंबंधीची तरतूद २०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंधक अधिनियमाच्या कलम १६ मध्ये आहे. तक्रारीतील मजकूर, तक्रारदार, ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो आणि साक्षीदार यांची ओळख, तसेच समझोता व चौकशीचे कामकाज, समितीच्या शिफारशी आणि झालेली कारवाई या गोष्टी जनतेला, वृत्तपत्रांना वा अन्य माध्यमांना कोणत्याही प्रकारे कळू देण्यास त्यात मनाई आहे. माहितीच्या अधिकाराचा आधार घेऊनही हा तपशील मिळवता येत नाही.

मात्र कलम १७ मधील दंड सर्वांना लागू होत नाही, हे अनेकांना ठाऊक नसते. तक्रार हाताळण्याचे किंवा तिची चौकशी करण्याचे काम ज्याच्यावर सोपवले आहे, त्यालाच तो लागू होतो. समितीचे सदस्य, मनुष्यबळ विभागातील अधिकारी, टंकलेखन करणारा लिपिक हे त्यात येतात. त्यांच्यावर सेवानियमांप्रमाणे कारवाई होते. असे नियम नसतील तर मालकाने पाच हजार रुपये वसूल करायचे असतात. समितीच्या सदस्याला पदावरूनही दूर करावे लागते. कँटीनमध्ये ऐकीव गोष्ट पुढे सांगणारा सहकारी मात्र या कलमात बसत नाही. त्याच्यासाठी संस्थेच्या सेवानियमांतील गैरवर्तनाचाच आधार घ्यावा लागतो. म्हणूनच बातमी कोणी फोडली आणि ती कोणी पसरवली, हे दोन प्रश्न आरंभीच वेगळे करावेत.

समजा, एका वित्तसंस्थेतील कर्मचारी महिलेने तक्रारीत एका प्रवासातील हॉटेलच्या खोलीचा क्रमांक लिहिला आहे आणि तो तिने अन्य कोणालाही सांगितलेला नाही. दहा दिवसांनी दुसऱ्या विभागातील सहकारी तो क्रमांक घेऊन थट्टा करतो. याचा अर्थ त्याने निव्वळ तर्क केलेला नाही. तक्रारीतील मजकूर कोठून तरी बाहेर आला आहे. तक्रारीच्या सहा प्रती दिल्या जातात आणि त्यांतील एक समिती सात कामाच्या दिवसांत विरुद्ध पक्षाला पाठवते. मजकूर त्याच्याकडूनही फुटलेला असू शकतो, आणि प्रसंगातील दुसरा माणूस म्हणून त्याला तो तपशील मुळातच ठाऊक असू शकतो. सबब समितीतील कोणाचे नाव घेऊन आरोप करण्याची घाई करू नये.

तिने त्याच दिवशी टिपण करावे: कोण बोलले, कोठे, किती वाजता, नेमके शब्द कोणते, जवळ कोण होते. भ्रमणध्वनीवरील संदेश असल्यास पुसू नये, त्यांना उत्तरही देऊ नये. खुलासा करू जाता तक्रारीतील आणखी तपशील आपणच उघड करून बसतो. यानंतर समितीच्या अध्यक्षांकडे स्वतंत्र लेखी अर्ज द्यावा व पोच घ्यावी. संशय समितीवरच असेल तर अर्ज मालकाकडे द्यावा. मूळ तक्रारीत ही बाब मिसळू नये. कुजबुज लैंगिक स्वरूपाची असेल, तर ती करणाऱ्याविरुद्ध नवी तक्रारही होऊ शकते. त्यासाठी घटनेपासून तीन महिन्यांची मुदत असते.

त्याच वेळी कलम १२ खाली अंतरिम दिलासाही मागता येतो. दोघांपैकी एकाची बदली, किंवा तक्रारदाराला तिच्या हक्काच्या रजेव्यतिरिक्त तीन महिन्यांपर्यंत रजा, अशी शिफारस समिती करू शकते. तिच्या कामाचा गोपनीय अहवाल दुसऱ्या अधिकाऱ्याने लिहावा, असेही सुचवता येते. ही मागणी लेखी असावी लागते. ती नसताना समिती बहुधा स्वतःहून काही करत नाही.

चूक बहुधा पुढच्या टप्प्यावर होते. ‘सध्या चालू असलेल्या तक्रारीबाबत चर्चा करू नये’ असे परिपत्रक त्याच विभागात लावले की, ज्यांना काही ठाऊक नव्हते त्यांनाही तक्रार असल्याचे कळते. परिपत्रक काढायचेच तर ते सर्व विभागांना, नेहमीच्या सूचनेच्या भाषेत असावे. ज्या सहकाऱ्याचे नाव अर्जात आहे, त्याला एकट्याला बोलावून लेखी समज द्यावी आणि तक्रारीच्या प्रती कोणाकडे आहेत याची नोंद तपासावी.

वकील वा डॉक्टरांचा सल्ला घेणे म्हणजे जनतेत वाच्यता करणे नव्हे, त्यामुळे तक्रारदाराने त्यास कचरू नये. गोपनीयता फुटल्याने मूळ तक्रार रद्द होत नाही, तशी ती आपोआप सिद्धही होत नाही. कलम १७ खालील शिफारशीवर समाधान नसल्यास किंवा ती अमलात न आल्यास शिफारशीपासून नव्वद दिवसांत अपील करता येते.